जळालेल्या मोटरचा दावा: पत्रात काय लिहायचं
«कंपनी म्हणते व्होल्टेजमुळे मोटर जळाली, वॉरंटीत बसत नाही. पत्रात काय लिहू?»

बिल नंबर, खरेदीची तारीख आणि नेमप्लेटवरचा सिरीयल नंबर पत्रात हवाच. पण दाव्याचा निकाल लागतो तो वाइंडिंगच्या रंगावर. माझी ५ एचपीची थ्री-फेज सबमर्सिबल ७ महिन्यांत बंद पडली, तेव्हा मलाही हेच उत्तर मिळालं होतं. मी मोटर बाहेर उघडू दिली नाही, कारण सील तुटलं की दावाच संपतो. पत्रात मागितलं, 'माझ्यासमोर उघडा आणि कारण लेखी द्या.' स्टार जोडणीच्या मोटरला एक फेज मिळाला नाही, तर दोन फेजचं वाइंडिंग काळं पडतं आणि तिसरं चांगलं राहतं. कमी व्होल्टेज किंवा ओव्हरलोडने तिन्ही सारखी करपतात. माझ्या मोटरीत एकाच जागी डाग होता, बाकी तांबं स्वच्छ. हे इन्शुलेशन तिथेच फुटल्याचं लक्षण. वीज पडूनही असं होतं, म्हणून त्या आठवड्यात पाऊसवादळ नव्हतं हेही लिहिलं.

दोषाचं वर्णन मोघम नको. 'मोटर चालत नाही' ऐवजी मी लिहिलं: 'सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांत स्टार्टर ट्रिप झाला, नंतर मेगरवर एका फेजचं अर्थशी रीडिंग शून्य आलं.' पॅनेलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असल्याचा फोटो जोडला. मागणी एकच ठेवली: १५ दिवसांत मोफत दुरुस्ती, नाहीतर बदली मोटर. स्टेटर बदलून मिळाला. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर मुदत २ वर्षांची असते.