जोडी सापडली नाही, मग एकच स्वनिम?

रानवाट: लिपी नसलेल्या एका भाषेचे चारशेएक शब्द नोंदवलेत. 'प' फक्त शब्दाच्या सुरुवातीला येतो. दोन स्वरांच्या मध्ये दोन्ही ओठांतून घासत निघणारा 'व' येतो. तेवढ्याच फरकाने अर्थ बदलणारी जोडी एकही नाही. दोन्ही एकच स्वनिम, म्हणजे अर्थात फरक करणारा एकच ध्वनी, धरू का?

केतकी: घाई करू नका. मराठीचे चाक, चूक, चोर, चिखल, चेहरा एवढेच शब्द कुणी परक्याने नोंदवले, तर इ-ए च्या आधी तालव्य च आणि बाकी सगळीकडे दंत्य च, असा सुबक नियम निघेल. मग 'गुरं चार' आणि 'चार गुरं' कानावर पडलं की नियम कोसळतो. चारशे शब्दांत जोडी न मिळणं हा पुरावा नाही.

अनिरुद्ध: पण 'माझा'चं 'माझी' झालं की तोच झ आपोआप तालव्य होतो, म्हणजे नियम जिवंत आहे. आणि जुन्या कागदांत 'च्यार' लिहिलेलं आढळतं. मूळ च एकच, तालव्यपणा य चा.

केतकी: आज तो य कुणी उच्चारत नाही. आजच्या मुलाला दोन च शिकावेच लागतात.

विलास: देवनागरीत प आणि व दोन्ही आहेत की! दोन्ही लिहा, वाद मिटला.

सुमित्रा: विलासराव, प्रश्न लिपीचा नाही. रानवाट, तुमच्यासारखीच मांडणी दक्षिण पाययूट या अमेरिकी भाषेत दिसते. 1910 साली भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर ती भाषा बोलणाऱ्या टोनी टिलोहॅश यांच्याकडून ती शिकत होते. 'पाण्यापाशी' या शब्दात सपीर यांना मध्ये घासता 'व' ऐकू येई. टोनी मात्र शब्द तोडून सांगताना तिथे सरळ 'प' म्हणत आणि लिहीतही. म्हणून जोड्या शोधत बसण्याआधी व ने सुरू होणारा एखादा प्रत्यय घ्या आणि बोलणाऱ्याला तो सावकाश, सुटा म्हणायला सांगा. उलटही करा: प ने सुरू होणाऱ्या शब्दाआधी स्वरान्त शब्द जोडून समास करून घ्या. प चा व झाला, तर तुमचं म्हणणं बळकट.

एक खाचखळगा मात्र आहे. पाययूटमध्ये स्वरानंतर लांब 'प्प'ही येतो. तो घाईत आखूड लिहिला, तर एकाच जागी प आणि व दोन्ही दिसतात आणि विनाकारण दोन स्वनिम मोजले जातात. रेकॉर्डिंगमध्ये ओठ बंद राहण्याचा वेळ मोजा.

रानवाट: मध्ये 'प' वाटलेले दोन-तीन शब्द मी 'चुकीची नोंद' म्हणून बाजूला ठेवलेत.

सुमित्रा: तेच आधी ऐका. सगळा निकाल त्यांच्यावर आहे.

अनिरुद्ध: टोनींना लिहायला सपीर यांनीच शिकवलं होतं ना? मग ही साक्ष कानाची की शिकवणीची?

सुमित्रा: शिकवणाऱ्याला स्वतःला तिथे 'व' ऐकू येत होता. तरी आक्षेप पूर्ण फेटाळत नाही. सुटं म्हणताना बोलणारा मुद्दाम 'शुद्ध' बोलतो, हे मीही पाहिलंय.