मदत हवी आहे: उद्या सगळ्यांसमोर उभं राहून ‘फेररचना’ जाहीर करायची आहे

अंबडवाला
उद्या माझ्या लोकांना कंपनीची फेररचना जाहीर करायची आहे. एचआरने पानभर मजकूर पाठवलाय, सगळा ‘सिनर्जी’ आणि ‘राइटसायझिंग’चा. तो वाचला तर लोक माझ्याकडे बघतच राहतील. बऱ्याच गोष्टी अजून वरच ठरलेल्या नाहीत. खोटं बोलायचं नाही आणि घबराटही नको. नेमकं काय बोलू? जरा लवकर सांगा.

गोदाकाठ
किती लोक? नोकऱ्या जाणार आहेत की नुसते विभाग बदलणार? कामगार आहेत की ऑफिस स्टाफ? युनियन आहे का? एवढं तरी लिहा की राव.

खडीसाखर
घसा कोरडा पडत असेल तर आधी कोमट पाण्यात ज्येष्ठमध. मी निवेदन करते, अनुभवाने सांगते. आणि माईक तोंडापासून चार बोटं लांब धरा.

अंबडवाला
घशाचा प्रश्न नाहीये ताई.
सुमारे चाळीस लोक, युनियन नाही. नाशिकचं खरेदी आणि डिस्पॅच प्लॅनिंग १ एप्रिलपासून चाकणला जाणार, हे पक्कं. प्रयोगशाळा आणि मशिन शॉप इथेच. कोणाला चाकणला बोलावणार, ते ठरलेलं नाही. काही जागा कमी होणार. मला आकडा कळलाय, पण तो सांगायचा नाही असा आदेश आहे.

कामगारपुत्र
मग उद्या काही बोलूच नका! सरकारची परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय एकालाही काढता येत नाही. कायदा आहे.

माजी_पर्सोनेल
तो नियम मोठ्या कारखान्यांसाठी आहे. पूर्वी मर्यादा शंभर कामगारांची होती, नव्या संहितेत तीनशेची झाली. त्याखाली एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. तोही कायद्याच्या दृष्टीने जो ‘कामगार’ आहे त्याला, मॅनेजरला नाही. कामगारांची संख्या कमी होणार असेल तर २१ दिवस आधी बदलाची नोटीसही लागू शकते. तुमचं उद्याचं भाषण म्हणजे ती नोटीस नव्हे, हे एचआरकडून आजच वदवून घ्या.

आता मूळ प्रश्न. आकडा माहीत असताना कोणी “किती जण?” विचारलं, तर “मला माहीत नाही” म्हणू नका. महिन्याभराने खरं बाहेर येतं आणि मग तुमच्या चांगल्या बातमीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. “आकड्यावर वर चर्चा चालू आहे, तो आज मला सांगता येणार नाही” असं म्हणा. लोक चिडतील, पण फसवलं असं म्हणणार नाहीत.

आणि जागा कमी होणार हे तुमच्या तोंडून, पहिल्या मिनिटात यायला हवं. लोक तेवढ्यासाठीच कान टवकारून बसलेले असतात. ते येईपर्यंत बाकीचं कोणालाच ऐकू जात नाही.

हिंजवडी_रिटर्न
आमच्याकडे सकाळी लॅपटॉपच उघडला नाही, तेव्हा कळलं. तुम्ही निदान बोलताय तरी. माझ्या मते ज्यांच्या नोकऱ्या जाणार त्यांना आधी एकेक करून केबिनमध्ये सांगा, मग सगळ्यांना.

गोदाकाठ
पण कोण जाणार हेच ठरलेलं नाही ना! चाळिसातल्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं की बाकीचे अडतीस काय समजायचं ते समजतात.

हिंजवडी_रिटर्न
तरी सगळ्यांसमोर कळणं अपमानास्पदच. माझं मत बदलणार नाही.

माजी_पर्सोनेल
नावं ठरली असती तर हिंजवडी यांचंच बरोबर ठरलं असतं. इथे नावं नाहीत. पण खरेदी आणि डिस्पॅचवाल्यांना सभेआधी अर्धा तास एकत्र बसवून सांगा, त्यांचं टेबलच हलणार आहे.

अंबडवाला, शिफ्ट किती?

अंबडवाला
दोन. सकाळी ७ ते ३:३०, मग दुसरी. सभा ११ ला ठेवलीय.

माजी_पर्सोनेल
मग दुसऱ्या शिफ्टला घरी बसून व्हॉट्सॅपवर कळणार, तेही मीठमसाला लावून. सव्वातीनला कँटीनमध्ये घ्या, दोन्ही शिफ्ट हजर असतात. कॉम्प्रेसरचा आवाज येत असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा.

मी असं बोललो असतो:

“बातमी बरी नाही, म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो. १ एप्रिलपासून खरेदी आणि डिस्पॅच प्लॅनिंग चाकणहून चालेल. त्यात नाशिकच्या काही जागा कमी होतील. प्रयोगशाळा आणि मशिन शॉप इथेच राहणार, हे ठरलंय. कोणाला चाकणला विचारायचं, कोणाच्या जागेवर परिणाम होईल, हे ठरलेलं नाही. आकड्यावर चर्चा चालू आहे, तो आज सांगता येणार नाही. अमुक तारखेला याच जागी पुन्हा भेटू. तोवर निर्णय झाला नाही, तरी झाला नाही हे सांगायला मी येईन. ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांना मी स्वतः, समोर बसवून सांगेन. आता विचारा.”

एवढंच. दोन मिनिटंही लागत नाहीत. मग गप्प उभं राहा. पहिला प्रश्न यायला वेळ लागतो आणि आपण घाबरून त्या शांततेत नको ती आश्वासनं भरतो. “मी असेपर्यंत कोणाला हात लागणार नाही” हे वाक्य मी एका चांगल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. पुढे त्याचीच बदली झाली.

“आपण एक कुटुंब आहोत” आणि “मलाही झोप नाही” ही दोन्ही वाक्यं खिशातच ठेवा.

कामगारपुत्र
म्हणजे मालकाची बाजू गोड आवाजात मांडायची. चाकणला जायचं म्हणजे काय ते कळतं का? रोज सिन्नर-संगमनेर-नारायणगाव करून एका बाजूनेच पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर?

गोदाकाठ
रोज जाणं-येणं अशक्यच. रेल्वेचं तर वर्षानुवर्षं नुसतं ऐकतोय, एकदा सरळ मार्ग म्हणतात, एकदा शिर्डीवरून.

खडीसाखर
रेल्वेसाठी वेगळा धागा आहे हो.

माजी_पर्सोनेल
पण मुद्दा खरा आहे. पहिला प्रश्न तोच येणार: घरभाडं देणार का, मुलांच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबता येईल का, नाही म्हटलं तर राजीनामा समजणार का. शेवटच्याचं उत्तर आज रात्रीच वरून आणा. ते नसेल तर “हे विचारून शुक्रवारपर्यंत सांगतो” म्हणा आणि सगळ्यांसमोर वहीत लिहून घ्या.

अंबडवाला
साहेबांशी बोललो. सव्वातीनला हो. जागा कमी होणार हे सांगायला हो. आकड्याला नाही. पुढच्या भेटीची तारीख म्हणून ‘महिनाअखेर’ म्हणा म्हणतात.

माजी_पर्सोनेल
महिनाअखेर म्हणजे तारीख नव्हे. ‘त्या दिवशी काही ठरलेलं नसलं तरी चालेल’ असं सांगितलंत तर बहुतेक देतील. त्यांना निर्णयाची तारीख द्यायची भीती वाटतेय, भेटीची नाही.

अंबडवाला
विचारतो. अजून एक राहिलं. लोडिंगला ठेकेदाराची मुलं आहेत, दहा-बारा. डिस्पॅच इथूनच होणार, फक्त प्लॅनिंग जाणार, म्हणजे त्यांचं काम बहुधा राहील. पण तसं लेखी कुठेच नाही. त्यांना कँटीनमध्ये बसवू का? एचआर म्हणतं, ते आपले नाहीत.

कामगारपुत्र
हे बघा! आता बोला.

माजी_पर्सोनेल
कागदावर ते ठेकेदाराचे, त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल तुम्ही शब्द देऊ नका, ‘बहुधा’सुद्धा नको. पण बसवा. ठेकेदाराला सकाळीच फोन करून सव्वातीनला हजर राहायला सांगा.

हिंजवडी_रिटर्न
आणि तो आला नाही तर?