थंबनेलवरचा मराठी मजकूर: जाड आउटलाइन तारते की मारते?

पडदा_पुणेरी: थंबनेलवर अक्षरं दिसत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनो, सोपं आहे. पिवळी अक्षरं, 20 पिक्सेलची काळी आउटलाइन, वर शॅडो. कुठल्याही फोटोवर चालतं. बाकी सगळी डिझायनरांची नाटकं.

अक्षरजुळणी: "कुठल्याही फोटोवर" वाचून राहवलं नाही. परवाच भज्यांच्या एका व्हिडिओचं थंबनेल दुरुस्त करून दिलं, नेमकं याच पद्धतीने केलेलं. 1280 × 720 ची फाइल, त्यावर "खमंग कांदा भजी". आउटलाइन अक्षराच्या कडेवर मध्यभागी बसवली की 10 पिक्सेल बाहेर जाते आणि 10 आत. त्या फाइलमध्ये अनुस्वाराचा ठिपका 28 पिक्सेलचा होता, उरला 8. मोबाइलच्या यादीत ते चित्र साधारण 160 पिक्सेल रुंद दिसतं, म्हणजे आठपट लहान. ठिपका एक पिक्सेल! लोकांनी वाचलं "खमग कादा भजी".

शिवाय काही फाँटमध्ये शिरोरेषा जिथे दोन अक्षरांत जुळते तिथे आउटलाइनच्या काळ्या चिरा पडतात. उपाय असा: मजकुराचे दोन थर करा. खालच्याला आउटलाइन, वरचा त्याच जागी, पण कोरा. मग अक्षर आतून खाल्लं जात नाही आणि चिराही झाकल्या जातात. बाहेर 6-8 पिक्सेल दिसले तरी पुरे.

फ्लेक्सवाला_बार्शी: एवढं कशाला? कोरलमध्ये आउटलाइन पेन उघडा, Behind fill वर टिक करा, झालं. फक्त जाडी दुप्पट धरा, कारण अर्धी अक्षराखाली लपते. आम्ही पांढरी, मग लाल, मग काळी अशा तीन देतो. रस्त्यापलीकडून वाचता येतं.

अक्षरजुळणी: Behind fill अगदी बरोबर, माझ्या दोन थरांचंच काम एका टिकमध्ये होतं. तीन आउटलाइनी मात्र थंबनेलवर नकोत. दहा फुटी फ्लेक्सवर अनुस्वार लिंबाएवढा असतो, त्याला जागा आहे. इथे "कु"चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

नदीकाठ: फ्लेक्सचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. आमच्या चौकात वाढदिवसाचे फलक लागतात, त्यांत नाव सोडून काही वाचता येत नाही. सोनेरी अक्षरं, त्यांना फुगवटा, मागे भगवे किरण. तुम्हीच लोकांची नजर बिघडवलीत.

फ्लेक्सवाला_बार्शी: ताई, नजर आम्ही बिघडवली? मी साधं पांढऱ्यावर काळं करून दाखवतो, तर गिऱ्हाईक म्हणतं "हे श्रद्धांजलीचं वाटतंय, अजून एक आउटलाइन द्या". फलक वीस चेहऱ्यांनी भरलेला, अक्षरांना जागाच नाही. आउटलाइन हौसेने नाही देत, खालचा चेहरा कापायची परवानगी नसते म्हणून देतो.

नदीकाठ: मग नाही म्हणायला शिका.

फ्लेक्सवाला_बार्शी: दुकानाचं भाडं तुम्ही भरा, शिकतो.

सुगरण_सांगली: माझी अडचण वेगळी आहे. कोथिंबीर वडीच्या फोटोवर लाल अक्षरं घातली. माझ्या डोळ्यांना झगझगीत दिसतात, पण मुलगा म्हणतो वाचता येत नाही. फाँट बदलू का?

अक्षरजुळणी: फाँट राहू द्या, मावशी. चित्र एकदा कृष्णधवल करून बघा. तो लाल आणि तो हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेचे होतील. रंग वेगळे असले तरी उजेड सारखा आहे, आणि बारीक अक्षर उजेडातल्या फरकावरच वाचलं जातं. पांढरी किंवा फिकट पिवळी अक्षरं घ्या. मागे डावीकडून काळा ग्रेडियंट द्या, मध्यापर्यंत विरणारा. वड्या उजवीकडे सरकवा. मजकूर उजव्या खालच्या कोपऱ्यात नको, तिथे यूट्यूबचा वेळेचा चौकोन बसतो.

पडदा_पुणेरी: आणि शॅडोचं काय? माझं चॅनल शॅडोवर चाललंय.

अक्षरजुळणी: तुमचे फोटो उजेडातले असतात, म्हणून चाललंय. गडद कढईवर काळी शॅडो पडून दिसणार काय? चकाकत्या स्टीलच्या ताटावर मात्र पांढऱ्या अक्षरांना पसरट, न सरकवलेली शॅडो खरंच वाचवते. एका बाजूला सरकवलेली कडक शॅडो म्हणजे दुसरं अक्षरच. "भ" आणि "म" लहान आकारात आधीच जवळचे, त्यात भर.

पडदा_पुणेरी: बरं, अनुस्वाराचं मान्य. पण तुमचा ग्रेडियंट अर्धा फोटो झाकतो. लोक भजी बघून क्लिक करतात, अक्षरं बघून नाही.

सुगरण_सांगली: हे मात्र खरं हो. ग्रेडियंट लावला, वाचता आलं, पण हिरवेपणा गेला.

अक्षरजुळणी: ग्रेडियंट थोडा फिका करा आणि शब्द कमी करा. "खमंग" गाळलं तेव्हा "कांदा भजी" दीडपट मोठं झालं, आउटलाइन निम्मी केली तरी चाललं. पदार्थ दिसतोय तिथे विशेषण कशाला?

पडदा_पुणेरी: विशेषणावरच क्लिक येतं. "खमंग" मी काढणार नाही.

फ्लेक्सवाला_बार्शी: गिऱ्हाईक म्हणतात ते हेच, नदीकाठताई. आता सांगा याला नाही म्हणायला.