मदत हवी आहे: नोटीस बायआउटचा मेल कसा लिहू?

३ जूनला राजीनामा दिला. नोटीस ९० दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. नव्या ठिकाणी २० जुलैला रुजू व्हायचंय. मी मॅनेजरना चॅटवर सहज टाकलं, "सर, बायआउट होईल का? थोडं अर्जंट आहे." उत्तर आलं, "कारणासकट मेल कर, एचआरला पुढे पाठवतो." बरोबरच आहे म्हणा, त्या एका ओळीवर ते वर काय मांडणार?

नेमणूकपत्रात लिहिलंय की उरलेल्या नोटीसऐवजी बेसिक पगार भरता येईल, पण कंपनीच्या संमतीने. म्हणजे हा माझा हक्क नाही, विनंतीच. म्हणून मसुदा असा केलाय:

"माझा शेवटचा दिवस १७ जुलै धरावा, ही विनंती. उरलेल्या ४५ दिवसांचे, ४२,००० रुपये मासिक बेसिकप्रमाणे, ६३,००० रुपये अंतिम हिशेबातून वळते करावेत. महिनाअखेरच्या बिलिंग रिपोर्टचं काम मी सहकाऱ्याला शिकवत आहे. जूनअखेरचा रिपोर्ट तो माझ्यासमोर स्वतः काढेल. काही अडलं तर दुरुस्तीला १७ दिवस हातात राहतील. मान्य असल्यास मेलवर कळवावे."

आता अडलंय ते इथे. नव्या कंपनीची तारीख मेलमध्ये लिहावी का? माझ्या मते नको, त्यांना त्याचं काय! आणि शिल्लक १२ रजा ४५ दिवसांतून वजा करा, हे याच मेलमध्ये मागावं, की आधी तारीख मंजूर करून घ्यावी? रिलीव्हिंग लेटरचा उल्लेख आत्ताच केला तर अविश्वास वाटेल का? एचआरमधल्या कुणी सांगितलं तर बरं होईल. मेल सोमवारी सकाळी पाठवायचाय.