मदत हवी आहे: भाच्याचं वजन ५८.९, गट ५५ चा, रविवारी वजनं आहेत

वारणाकाठचा
नमस्कार मंडळी. भाचा १६ वर्षांचा आहे, तालमीतच राहतो. रविवारी सकाळी जिल्ह्याच्या स्पर्धेची वजनं आहेत आणि कुस्त्या त्याच दिवशी. १७ वर्षांखालील ५५ किलो गटात त्याचं नाव दिलंय. सोमवारी काट्यावर ५८.९ भरला. वस्ताद म्हणाले, "तोडायचं." तेव्हापासून प्लॅस्टिकचा सूट, त्यावर दोन स्वेटर, दुपारच्या उन्हात पळणं आणि दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी.

आज गुरुवार. सकाळी वजन ५६.९. काल रात्री पोटऱ्यांत गोळे आले. उठून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी कालपासून एकदाच झाली, तीही काळ्या चहासारखी. ताई घाबरली आहे. वस्ताद म्हणतात सगळ्याच पोरांना असं होतं. अजून १.९ किलो उतरवायचंय. हे चालतं का? वस्तादांशी बोलायचं तर काय बोलू? माणूस वाईट नाही, पोरावर जीव आहे त्यांचा.

जुना_पैलवान
पाव्हणं, घाबरू नका. आमच्या टायमाला चार-चार किलो तोडलंय. घामानं चरबी जळती. वजन झालं की लिंबू, मीठ, साखर घालून पाणी, वर केळी. सकाळपर्यंत पोरगं पुन्हा बैलासारखं. फक्त गोळ्या-बिळ्या घेऊ देऊ नका, त्या वाईट.

स्वप्नाली_पी
मस्त धागा! मला विचारायचं होतं, हा स्वेट सूट कुठे मिळतो? लग्नाला महिना राहिलाय, पोट कमी करायचंय.

मॅटवरचा_फिजिओ
स्वप्नालीताई, सूटमधून जातं ते पाणी. दोन बाटल्या प्यायलात की सगळं परत. महिनाभर घालून पोट तेवढंच राहील.

वारणाकाठचा, आधी तुमचं. आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर, मुलाला दवाखान्यात न्या. पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते. काळ्या चहासारखी होते तेव्हा तुटलेल्या स्नायूंचं रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडातून जात असतं, आणि त्याने मूत्रपिंड बंद पडू शकतं. डॉक्टरांना स्नायू किती तुटलेत ते दाखवणारं सीपीके, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा. आणि मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, कुणी गोळी दिली का.

आता वस्तादांशी काय बोलायचं. ५८.९ वरून ५५ म्हणजे ३.९ किलो, अंगाच्या साडेसहा टक्क्यांहून जास्त. चार-सहा दिवसांत एवढी चरबी जात नाही, यातलं बहुतेक पाणीच. पहिला किलो-दीड किलो पटकन जातो, म्हणून सगळ्यांना वाटतं उरलेलंही तसंच जाईल. पण रक्तातलं पाणी कमी झालं की शरीर घामच आखडतं घेतं. मुलगा तेवढाच पळतो, तेवढाच तापतो, काटा मात्र हलत नाही. मग सूट आणखी जाड होतो. सूटमध्ये घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होण्याचा मुख्य रस्ता होता तोही बंद. धोका इथे सुरू होतो. तहान सहन होते हो, आतली उष्णता होत नाही.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान असेच गेले. तिघेही वजनासाठी घाम न जिरणारे सूट घालून गरम जागेत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट आणि सौना दोन्हीवर बंदी आली.

जुना_पैलवान
अमेरिकेचं सोडा. विनेश फोगाटचं बघा की, २०२४ च्या ऑलिंपिकात १०० ग्रॅमनं पदक गेलं. अजून तासभर पळवली असती तर?

मॅटवरचा_फिजिओ
दादा, पॅरिसला रात्रभर घामच काढत होते तिचा. केससुद्धा कापले. तरी ७ ऑगस्टच्या सकाळी ५० वर १०० ग्रॅम राहिलेच, आणि नंतर तिला सलाईन लावावं लागलं. जगातली उत्तम मंडळी दिमतीला असून शेवटचे १०० ग्रॅम निघाले नाहीत, कारण काढायला घामच उरला नव्हता.

तुमच्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. पण तुमच्या वेळी वजनं आदल्या संध्याकाळी व्हायची ना? मध्ये अख्खी रात्र मिळायची. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमात वजन कुस्तीच्या दिवशी सकाळी होतं, आणि दोन दिवसांच्या गटात दुसऱ्या सकाळी पुन्हा. या पोराचं वजन आणि कुस्तीही एकाच दिवशी आहे. दोन तासांत लिंबूपाण्याने पोट भरेल, पण ते पाणी स्नायूंत पोचायला आणि संपलेली साखर भरायला तेवढा वेळ पुरत नाही. वस्तादांचा हिशोब जुन्या नियमाचा आहे, हे त्यांना याच शब्दांत सांगा. राग येणार नाही.

रिंगण_मुलगी
मी हौशी बॉक्सिंग करते. आमच्याकडे ज्या दिवशी लढत त्या सकाळी वजन, म्हणजे स्पर्धाभर रोज कोरडंच राहायचं. एकदा अशीच कोरडी उतरले आणि दुसऱ्या फेरीत समोरचीचा ठोसा दिसत होता पण हात वर येईना. दोन दिवस डोकं ठणकत होतं. कोचने नंतर वरच्या गटात टाकलं. तिथे आधी दोन हरले, हे पण सांगते.

वारणाकाठचा
दवाखान्यात आहोत. मुलाने कबूल केलं, तालमीतल्या एका मोठ्या पोराने "पाण्याची गोळी" दिली होती, काल आणि परवा. पाकिटावर फ्युरोसेमाइड लिहिलंय. सीपीके ४ हजारांच्या वर, क्रिएटिनिन १.४, पोटॅशियम कमी. सलाईन चालू आहे, रात्री ठेवून घेणार.

मॅटवरचा_फिजिओ
वेळेत नेलंत. ती गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही काढते, आणि पोटॅशियम फार घसरलं की हृदयाचे ठोके चुकतात. शिवाय ती उत्तेजक-विरोधी यादीत फक्त स्पर्धेच्या दिवशी नव्हे, कायम बंद आहे. चाचणीत सापडला तर बंदी येऊ शकते, वय १६ असलं तरी. ते पाकीट जपून ठेवा आणि वस्तादांना दाखवा. बहुधा त्यांना माहीतही नसेल.

रविवार विसरा. ६० च्या गटातसुद्धा नको.

आणि तालमीतल्या बाकीच्या पोरांसाठी एक: सूट घातलेला मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर रिक्षा शोधत बसू नका. आधी सूट कापा, हौदात बसवा किंवा अंगावर गार पाणी ओतत राहा, आणि दवाखान्यात फोन त्याच वेळी करा. घाम चालू असला तरी. घाम थांबायची वाट बघू नका.

जुना_पैलवान
गोळीचं मी आधीच म्हणालो होतो. पण ६० मध्ये हे पोरगं ५९ भरून जाणार आणि समोर ६४ वरून तोडून आलेली पोरं. चिरडतील की त्याला. त्याचं काय उत्तर आहे?

मॅटवरचा_फिजिओ
अर्धं खरं आहे तुमचं. सगळेच तोडतात तोवर न तोडणाऱ्याला जड जाणारच, आणि त्यावर माझ्याकडे या मोसमापुरतं उत्तर नाही. पण ६४ वरून आलेला तोही दोन तासांपूर्वी कोरडा होता. पहिली दोन मिनिटं टिकवून दुसऱ्या फेरीत त्याला पळवायचं, असं मी तरी शिकवतो. आणि १६ वर्षांचं वाढतं पोर, सहा महिन्यांत त्याचं हाड ६० चंच होणार आहे.

वारणाकाठचा
वस्ताद येऊन गेले. पाकीट बघून गप्प झाले, मग मोठ्या पोराला फोनवर झापलं. ६० च्या गटाला मात्र अजून तयार नाहीत, म्हणाले "बघू पुढच्या महिन्यात." सराव परत कधी सुरू करायचा?

मॅटवरचा_फिजिओ
सीपीके उतरून नॉर्मल, लघवी स्वच्छ, आणि डॉक्टरांचा होकार. तिन्ही झाल्याशिवाय जोर-बैठकासुद्धा नाहीत. रिपोर्ट आला की इथे टाका.