सीपी 1.75, सीपीके 0.83 : दोष मशीनचा की सेटिंगचा?

कुपवाड_टर्निंग: कुपवाड एमआयडीसीत सीएनसी लेथवर 25 h7 चा शाफ्ट चालू आहे. हद्द 24.979 ते 25.000. पन्नास नगांची सरासरी 24.995, सिग्मा 2 मायक्रॉन. सीपी 1.75 आला, सीपीके 0.83. ग्राहकाला सीपीके 1.33 हवा. मालक म्हणतात मशीन थकलं, फिनिशिंग ग्राइंडिंगला टाका. मला पटत नाही. तुम्ही काय म्हणता?

मिरज_लेथवाला: मालकांना आधी हे दाखवा:

```
Cp  = (25.000 - 24.979) / (6 x 0.002)  = 1.75
Cpk = (25.000 - 24.995) / (3 x 0.002)  = 0.83
```

21 मायक्रॉनच्या जागेत तुमचा पसारा 12 मायक्रॉनचा आहे. मशीन थकलेलं नाही, ते नेमाने चुकीच्या जागी कापतंय. मध्य 24.9895 आहे, तुम्ही साडेपाच मायक्रॉन वर आहात. X च्या वेअर ऑफसेटला -0.005 द्या, सीपीके दीडच्या वर जाईल. ग्राइंडिंग म्हणजे प्रत्येक नगावर फुकटचा खर्च.

इन्स्पेक्शन_सातारा: ग्राहकाच्या बेअरिंगमध्ये सीपी बसत नाही हो, शाफ्ट बसतो. आज हजारात सहाएक नग 25.000 च्या वर जातायत. सरासरी 25.020 वर नेली, म्हणजे जवळजवळ सगळा लॉट बाद झाला, तरी सीपी 1.75 च राहील! त्या आकड्यावर मशीनला शाबासकी कसली देता?

आणि सरासरी वर का आहे ते विचारा. जाड राहिलेला नग पुन्हा कापता येतो, बारीक झाला की भंगार. म्हणून ऑपरेटर मुद्दाम वरच्या हद्दीला धरून चालवतो. आज ऑफसेट दिला तरी रात्रपाळी परत 24.995 वर आणणार.

पलूस_क्वालिटी: मग सीपी काढायचाच कशाला? सीपीके नेहमी सीपीपेक्षा कमी किंवा तेवढाच असतो. 1.33 आला की दोन्ही प्रश्न मिटले.

मिरज_लेथवाला: आला तर मिटले, खरंय. इथे आला नाहीये ना. 0.83 दोन रस्त्यांनी येतो. एक यांचा. दुसरा म्हणजे सरासरी अगदी मध्यावर, पण सिग्मा 4.2 मायक्रॉन. तिथे सीपी पण 0.83 च, ऑफसेट कितीही फिरवा, फरक शून्य. तिथे स्पिंडल, चकची पकड, टेलस्टॉक बघायचा, नाहीतर मालक म्हणतात तसं ग्राइंडिंग. नुसत्या सीपीकेवरून यातलं कुठलं दुखणं आहे ते कसं ओळखणार?

इस्लामपूर_पार्ट्स: आमच्या पार्टला रनआउट कमाल 0.03 आहे. शून्य ते 0.03 धरून सीपी काढला, सीपीकेशी जुळतच नाही. काय चुकलं?

इन्स्पेक्शन_सातारा: दादा, शून्य ही हद्द नाही, ती तर आपली इच्छा आहे. एकाच बाजूला हद्द असेल तर सीपी नसतोच, फक्त वरच्या बाजूचा सीपीके काढा. शिवाय रनआउटचे आकडे शून्याकडे दाटतात, त्यामुळे तोही जपूनच वाचा. मूळ विषय वेगळा आहे, नवा धागा काढलात तर बरं.

टूलरूम_सांगली: दोघंही सरासरी जागेवर थांबते असं धरून चाललात. ओडी टर्निंगमध्ये इन्सर्ट झिजतो तसा व्यास वाढतो. समजा दोनशे नगांत 8 मायक्रॉन वाढला. 1.33 टिकवायला प्रत्येक हद्दीपासून चार सिग्मा, म्हणजे 8 मायक्रॉन अंतर लागतं. दोन्हीकडचे मिळून 16 गेले, सरकायला उरले 5. म्हणून नव्या इन्सर्टवर 24.987 ला सुरू करा, 24.992 ला पोचलं की -0.005 द्या. या झिजेला ते साधारण सव्वाशे नगांनी येतं.

मध्ये काहीच न करता दोनशे नग सलग काढले, तर सगळ्या नगांचा मिळून सिग्मा 3 च्या वर जातो आणि 1.75 चा आकडा 1.15 वर येतो, तोही सरासरी बरोबर मध्यावर ठेवली तर. सलग पन्नास नगांचा सीपी हे दाखवत नाही.

इन्स्पेक्शन_सातारा: सव्वाशे हा आकडा भिंतीवर लिहू नका म्हणजे झालं. नवा इन्सर्ट पहिल्या काही नगांत पटकन झिजतो, बारचा लॉट कडक आला की हिशोब बदलतो. दर पंचवीस नगांनी पाच मोजा, सरासरी बघून ऑफसेट द्या. एकाच नगाच्या मापावर नाही, नाहीतर मशीनचा पसारा तुम्हीच वाढवाल.

मिरज_लेथवाला: एवढं मोजायला रात्रपाळीत माणूस कुठला आणणार?

टूलरूम_सांगली: आणि मोजलं कधी तेही सांगा. स्टीलचा 25 चा शाफ्ट दहा अंश गरम असेल तर जवळजवळ 3 मायक्रॉन जाड दिसतो.

कुपवाड_टर्निंग: मशीनवरून काढल्या काढल्याच मोजले होते.

टूलरूम_सांगली: मग 24.995 वर विसंबून ऑफसेट देऊ नका. तेच पन्नास नग उद्या सकाळी गार झाल्यावर मोजा.