‘नवव्या महिन्यात’ की ‘नऊ महिने पूर्ण झाल्यावर’? आणि ‘दर सहामाही’चं काय करायचं?

कोपराखळी
एका संस्थेचं पालकांसाठीचं पत्रक तपासायला आलंय. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते: ‘बाळाला नवव्या महिन्यात जीवनसत्त्व अ १ लाख एकक व त्यानंतर दर सहामाही २ लाख एकक, पाच वर्षांपर्यंत द्यावे.’ शुद्धलेखनाची चूक एकही नाही, तरी मला हे वाक्य खटकतंय. ‘एकक’ ठेवू की ‘युनिट’ करू? आणि ‘दर सहामाही’ बरोबर आहे का?

धुळाक्षर
‘सहामाही’ अगदी बरोबर. सहामाही परीक्षा, सहामाही हिशेब. वर्षाचे दोन भाग, प्रत्येक भागात एक डोस. सुटसुटीत शब्द आहे, बदलू नका. ‘एकक’ मात्र काढा. एकक म्हटलं की लोकांना एकक-दशक-शतक आठवतं.

पारूची आई
माझा मूळ प्रश्नच वेगळा आहे. आमच्या बाळाला डॉक्टरांनी रोज ४०० युनिटचे थेंब दिलेत. इथे एकदम लाख? शून्यं जास्त पडली नाहीत ना?

सुईण नव्हे सिस्टर
पारूची आई, तुमचे थेंब ‘ड’चे असणार, बाटली बघा. पत्रकातलं ‘अ’ आहे. शून्यं बरोबर आहेत.
युनिट हे वजन नव्हे. कुठला पदार्थ अंगात किती काम करतो, त्यावरून त्याचं युनिट ठरवलेलं असतं, म्हणून प्रत्येकाचं वेगळं. ‘ड’ची ४०० युनिटं म्हणजे १० मायक्रोग्रॅम. ‘अ’ची १ लाख म्हणजे जेमतेम ३० मिलिग्रॅम. लाख ऐकून आया दचकतात, हे मी दर सत्राला बघते. तुमचे थेंब रोजचे आहेत. हा ‘अ’चा साठा यकृतात राहतो आणि महिनोन् महिने पुरतो, म्हणून एकदम देतात.
कोपराखळी, ‘युनिट’च लिहा. बाटलीवर तेच असतं, आमच्या तोंडीही तेच असतं.

धुळाक्षर
मग युनिटच्या भानगडीत पडायचंच कशाला? १ मिलीत १ लाख असतात ना? मोठ्या मुलाला २ मिली, म्हणजे अर्धा चमचा. ‘अर्धा चमचा’ लिहा, आजीलाही कळेल.

सुईण नव्हे सिस्टर
दादा, १ मिलीत १ लाख हे खरं. पण ‘चमचा’ हा शब्द कृपा करून आणू नका. बाटलीबरोबर आमचा वेगळा चमचा येतो, त्यावर १ आणि २ मिलीच्या खुणा असतात. घरातला चहाचा चमचा ५ मिलीच्या आसपास भरतो. भरून पाजला तर ५ लाख. २००१ साली आसामच्या मोहिमेत २ मिलीच्या चमच्याऐवजी ५ मिलीचे कप वापरले गेले. मुलं आजारी पडली, काही दगावली; मृत्यू त्यामुळेच झाले का यावर पुढे बराच वाद झाला. तेव्हापासून आम्हाला कप दिसला तरी धडकी भरते.
जास्त गेलं तर मूल ओकतं, किरकिर करतं, मोठं असेल तर डोकं दुखतं म्हणतं. तान्ह्याची टाळू फुगलेली दिसते. योग्य डोसनंतरही एखाद्याला असं होतं, पण ते एक-दोन दिवसांत ओसरतं.
आणि ‘द्यावे’ असं लिहिलं की आईला वाटतं आपणच पाजायचंय. ‘आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत पाजून घ्यावे’ असं करा.

कोपराखळी
हे पटलं. ‘पाजून घ्यावे’ करते. आता ‘नवव्या महिन्यात’?

वऱ्हाडी ठसका
आमच्याकडे ‘नववा लागला’ म्हंजे आठ भरले अन् नववा चालू. माझ्या भाच्याच्या वेळी हाच घोळ झाला. वहिनी नववा लागल्याबरोबर बाळाला घेऊन गेली, तिथून परत पाठवलं. उन्हातान्हात दोन चकरा! पत्रकात चक्क ‘नवव्या महिन्यात’ छापलं होतं.

सुईण नव्हे सिस्टर
परत पाठवलं ते बरोबरच केलं, पण कारण ‘अ’ नव्हे. ‘अ’चा १ लाखाचा डोस सहा महिने भरलेल्या बाळालाही चालतो. आपल्याकडे तो गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीबरोबर बांधलाय, आणि ती लस नऊ महिने भरायच्या आत द्यायची नाही. आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे ती नीट लागू पडत नाही. म्हणून ‘नऊ महिने पूर्ण झाल्यावर’.

कोपराखळी
म्हणजे क्रमवाचक ‘नववा’ आणि पूर्णांक ‘नऊ’ यांत अख्खा महिना सांडतो. ‘पूर्ण’ घातलं. (गरोदरपणात मात्र आपण ‘नववा लागला’ हेच मोजतो, ती सवय इथे आली असावी.)

सुईण नव्हे सिस्टर
अजून एक. ‘त्यानंतर दर सहामाही’ यातलं ‘त्यानंतर’ चुकलंय. नऊनंतर सहा म्हणजे पंधरा महिने. आपल्या वेळापत्रकात दुसरा डोस सोळा ते अठरा महिन्यांत, बूस्टरबरोबर. तिथपासून पुढे सहा-सहा महिने.
आणि धुळाक्षर दादांच्या सहामाहीचं सांगते. समजा मूल ५ डिसेंबर २०२२चं. नऊ महिने भरले ५ सप्टेंबर २०२३ला, तेव्हा १ लाख. दीड वर्षाचं झाल्यावर १२ जून २०२४ला २ लाख. ऑगस्टमध्ये गावात मोहिमेची फेरी आली. तुमच्या हिशेबाने जून पहिल्या सहामाहीत आणि ऑगस्ट दुसऱ्या, म्हणून पाजायचं. मधे किती गेले? दोनच महिने. आम्ही कार्डावरची तारीख बघतो आणि १२ डिसेंबरला या म्हणतो.

धुळाक्षर
मान्य. परीक्षेची सहामाही कॅलेंडरवर चालते, मुलाची त्याच्या मागच्या डोसवर. पण मग फेऱ्या तरी कशाला काढतात?

सुईण नव्हे सिस्टर
जी मुलं सत्राला येतच नाहीत त्यांच्यासाठी. पहिल्या डोसला लसीच्या निमित्ताने सगळे येतात. तिसऱ्या-चौथ्याला टोचायचं काही नसतं, मग आईही विसरते. कार्ड घरी राहिलं तर पंचाईत होते. मी ‘मागच्या वेळी गोड-पिवळं औषध कधी पाजलं?’ असं विचारते. कुणी सांगतं ‘दिवाळीच्या आधी’, तेवढ्यावर भागतं.

वऱ्हाडी ठसका
अन् फेरी पाच महिन्यांनी आली तर? जागतिक आरोग्य संघटना तर ‘चार ते सहा महिन्यांनी’ म्हणते.

सुईण नव्हे सिस्टर
हो, वर्षावरच्या मुलांसाठी त्यांचं तसं आहे. आपल्या सूचनेत सहा आहे आणि मी सहाच पाळते. आमच्या शेजारच्या उपकेंद्रातली सिस्टर म्हणते, परत येणार नाही असं मूल असेल तर हातचं सोडू नये. आमचा हा वाद चालूच असतो.

कोपराखळी
नवं वाक्य बघा: ‘बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर जीवनसत्त्व अ चे १ लाख युनिट, सोळा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान २ लाख युनिट आणि पुढे मागच्या डोसला सहा महिने झाल्यावर प्रत्येक वेळी २ लाख युनिट, असे पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस पाजून घ्यावेत.’
पण सिस्टर, तुमचं डिसेंबरचं मूल मी बोटांवर मोजलं. जून-डिसेंबर करत नववा डोस येतो १२ डिसेंबर २०२७ला. पाच वर्षं भरतात ५ तारखेला. ‘पाच वर्षांपर्यंत’ म्हटल्यावर सात दिवसांनी हुकलं की नाही?

सुईण नव्हे सिस्टर
मी पाजीन.

धुळाक्षर
‘पर्यंत’मध्ये शेवटचा दिवस धरायचा की नाही, यावर वेगळा धागा काढा. तिथे मी येतोच.